लाल ठिपका: वॉरंटी नाकारणाऱ्या एका स्टिकरची गोष्ट

(एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

इयरफोन लावलेत ना? मग आधी एक छोटं काम करा. तुमच्या फोनचा सिम ट्रे काढण्याची पिन घरात कुठेतरी असेल, बहुतेक देवघराच्या ड्रॉवरमध्ये. ट्रे बाहेर काढा आणि त्या फटीत टॉर्च मारून बघा. अनेक फोनमध्ये तिथे आत, तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा ठिपका दिसतो. दिसला तर त्याचा रंग लक्षात ठेवा. आजची गोष्ट त्याची आहे.

आणि थोडी माझीही, कारण या ठिपक्याच्या नावाने लोकांचे क्लेम नाकारणारा कोड मी लिहिलेला आहे.

कॉलेज संपवून पहिली नोकरी लागली ती एका आयटी कंपनीत. आमचा क्लायंट होता मोबाईल बनवणारा. सर्व्हिस सेंटरमधल्या काउंटरवर जे सॉफ्टवेअर चालतं ते आमची टीम सांभाळायची. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम होतं तपासणीचा फॉर्म. टेक्निशियन फोन उघडणार, ठिपका बघणार, ड्रॉपडाउनमधून रंग निवडणार. त्याच्या मागचा माझा कोड साधारण असा होता:

```
if lci == "RED":
    warranty = "OUT"
    next_step = "PAID_ESTIMATE"
```

ड्रॉपडाउनमध्ये पर्याय दोनच: WHITE आणि RED. मला तसं लिहून दिलेलं होतं, मी तसं केलं. टेस्टिंग पास झालं, सगळ्यांनी मिळून वडापाव खाल्ला. गुलाबी असू शकतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

पाच वर्षांनी, गेल्या ऑगस्टमध्ये, दापोलीहून मावशीचा फोन आला, शेजारणीच्या मोबाईलवरून. "अरे, माझा फोन मेला. चिपळूणला दाखवला तर म्हणतायत पाण्यात पडलाय, वॉरंटी नाही, दहा हजार लागतील. मी कशाला पाण्यात टाकू?" फोन पंधरा हजारांचा, दहा महिन्यांपूर्वी घेतलेला. वॉरंटी एक वर्षाची. मी म्हटलं, मावशी, दहा हजार घालण्यापेक्षा नवीन घेऊ. त्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्यात काकांचे आवाज आहेत."

काका जानेवारीत गेले. बाजारातून, बँकेतून, बोटीच्या धक्क्यावरून ते तिला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायचे, कारण टायपिंगचा कंटाळा. ते सगळं त्या फोनमध्ये होतं. बॅकअप गुगल ड्राइव्ह भरल्यामुळे कधीचाच थांबलेला.

मी शनिवारची एसटी पकडली. पण चिपळूणला पोचायच्या आधी तुम्हाला थोडं मागे नेतो. गाडीत बसून मी हेच वाचत होतो: "दोष असेल तर आम्ही दुरुस्त करू, पण दोष आहे की नाही हे आम्हीच ठरवणार" ही पद्धत आली कुठून?

उत्तर मोबाईलमध्ये नाही, मोटारीत आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये क्लॉस हेनिंगसेन नावाच्या गृहस्थांनी मे १९५५ मध्ये नवी प्लिमथ गाडी घेतली, मदर्स डेची भेट म्हणून, बायकोसाठी. गाडी क्रायस्लरने बनवलेली, डीलर ब्लूमफील्ड मोटर्स. ९ मेला गाडी घरी आली. १९ मेला हेलन हेनिंगसेन ती चालवत असताना खालून मोठा आवाज झाला, स्टिअरिंग हातातल्या हातात फिरलं आणि गाडी उजवीकडे वळून रस्त्यालगतच्या पाटीवर आणि विटांच्या भिंतीवर आदळली. मीटरवर तेव्हा ४६८ मैल होते. गाडीचा पुढचा भाग इतका चेपला की आधी कुठला भाग सदोष होता का, हे तपासून सांगणंच अशक्य झालं.

त्या वेळच्या वॉरंटीत काय लिहिलेलं होतं ते बघा. ९० दिवस किंवा ४,००० मैल, जे आधी होईल ते. त्या काळात सदोष भाग कारखान्यात पाठवायचा, वाहतूक खर्च गिऱ्हाइकाने आधी भरायचा, आणि मग कारखान्याच्या तपासणीत, कारखान्याचं समाधान होईल अशा रीतीने तो सदोष ठरला, तर तो भाग बदलून मिळेल. बाकी कसलीही जबाबदारी नाही. हे सगळं ऑर्डर फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक टायपात. आणि ही क्रायस्लरची एकट्याची खोड नव्हती. मोटार उत्पादकांच्या संघटनेने एकच मसुदा ठरवलेला होता. तुम्ही चिडून दुसऱ्या कंपनीकडे गेलात तरी तिथे तोच कागद.

'कारखान्याचं समाधान होईल अशा रीतीने.' एसटीत मी या वाक्यावर अडकलो. कारण माझा तीन ओळींचा कोड म्हणजे हेच वाक्य. पैसे ज्याच्या खिशातून जाणार, तपासणीही त्याचीच.

९ मे १९६० रोजी, म्हणजे गाडी घरी आल्याच्या बरोब्बर पाच वर्षांनी, न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हेनिंगसेन दांपत्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणाले, नवी गाडी घेतली की ती चालवण्यालायक असणार हे त्या विक्रीत गृहीतच आहे, मागच्या पानावरच्या बारीक टायपाने ते पुसता येत नाही. आणि पुराव्याचं काय? सुटा भाग दाखवता आला नाही, तरी नवी गाडी, दहा दिवस, अचानक आवाज, स्टिअरिंगचं फिरणं, एवढ्या परिस्थितीवरून ज्युरी निष्कर्ष काढू शकते. कायदा शिकणाऱ्यांना ही केस पाठ असते. तिच्यानंतर पंधरा वर्षांनी, जानेवारी १९७५ मध्ये, अमेरिकेत मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आला. त्याने कंपन्यांना सांगितलं की वॉरंटी द्यायची सक्ती नाही, पण लेखी दिलीत तर ती पूर्ण आहे की मर्यादित हे शीर्षकातच स्पष्ट लिहा. 'लिमिटेड वॉरंटी' हे शब्द आपल्या खोक्यांवरसुद्धा दिसतात, त्यांचा उगम बराचसा तिथला.

तर मर्यादित वॉरंटी म्हणजे मटेरियल आणि बनावटीतला दोष. अपघात, गैरवापर, द्रवपदार्थ, परस्पर दुरुस्ती हे बाहेर. यात मूलतः गैर काही नाही. तुम्ही फोन विहिरीत टाकला आणि कंपनीने फुकट दिला, तर तो खर्च फोन जपून वापरणाऱ्यांच्या किमतीत शिरणार. प्रश्न वेगळाच आहे. फोन पाण्यात पडला की नाही, हे काउंटरवरच्या माणसाला कळणार कसं? गिऱ्हाईक थोडंच सांगणार आहे.

इथे आपला ठिपका येतो.

रचना अगदी साधी. वर पांढरा, शोषून घेणारा कागदासारखा थर. त्याच्याखाली पाण्यात विरघळणारा लाल रंग. सगळ्यात खाली गोंद. पाण्याचा थेंब वरच्या थरात मुरला की खालचा रंग विरघळून वर येतो. आणि एकदा आला की परत जात नाही, वाळवा, तांदळात ठेवा, काही करा. (तांदळाबद्दल एकदाचं सांगतो: फोन तांदळात ठेवून आतलं पाणी निघत नाही, पोर्टमध्ये तांदळाची भुकटी मात्र जाते.) ही टेप तयार मिळते. थ्रीएम ही कंपनी ती विकते, मोबाईलवाले आपल्या मापाचे ठिपके कापून घेतात.

पहिल्या काही आयफोनमध्ये हे ठिपके इयरफोनच्या भोकात आणि खालच्या चार्जिंग पोर्टमध्ये होते. म्हणजे फोनच्या सगळ्यात उघड्या जागी. काउंटरवरच्या माणसाच्या दृष्टीने उत्तम सोय, टॉर्च मारली की निकाल. पण त्याच सोयीमुळे घोळ झाला. लोक म्हणू लागले की आमचा फोन कधी भिजलाच नाही, तरी ठिपका रंगलाय आणि क्लेम नाकारलाय. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयात अ‍ॅपलविरुद्ध सामूहिक दावे दाखल झाले. त्या भांडणात टेप बनवणाऱ्या थ्रीएमकडूनच आलेली माहिती निर्णायक ठरली: प्रत्यक्ष पाणी न लागता केवळ दमट हवेनेही हा ठिपका निदान गुलाबी होऊ शकतो.

गुलाबी. माझ्या ड्रॉपडाउनमध्ये नसलेला रंग.

एप्रिल २०१३ मध्ये तडजोडीची बातमी आली. अ‍ॅपल ५ कोटी ३० लाख डॉलर देणार. ज्यांचे पहिल्या तीन पिढ्यांचे आयफोन २००९ संपेपर्यंत, किंवा आयपॉड टच जून २०१० पर्यंत, द्रवाच्या कारणाने नाकारले गेले होते त्यांच्यासाठी. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २०० डॉलर. अ‍ॅपलने चूक कबूल केली नाही. तडजोडीत करत नाहीतच. पुढे आयफोन ५ पासून ठिपका सिम ट्रेच्या फटीत गेला.

मी ड्रॉपडाउन लिहिला तो या तडजोडीनंतर बऱ्याच वर्षांनी. आमच्या टीममध्ये कुणालाही ही केस माहीत नव्हती. मी कुणाला दोष देत नाही, मीही इंटरनेटवर शोधून बघितलं नव्हतंच.

चिपळूणला पोचलो. धो धो पाऊस. सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या ताईंनी स्क्रीन वळवून दाखवली आणि मला माझा जुना फॉर्म दिसला असं सांगायला मजा आली असती, पण तो नव्हता. दुसऱ्याच कंपनीचा होता. साचा मात्र तोच. एस्टिमेट असं: मेन बोर्ड ७,४००, चार्जिंगचा सब-बोर्ड ९५०, मजुरी ५००. बेरीज ८,८५०, त्यावर १८ टक्के जीएसटी १,५९३. एकूण १०,४४३ रुपये. दुरुस्ती नको असेल तर तपासणी फी ३५४. आणि खाली एक ओळ: डेटाची जबाबदारी कंपनीची नाही.

ती शेवटची ओळ समजून घ्या. फोनमध्ये तुमचे फोटो, चॅट वगैरे जिथे साठतं ती चिप मेन बोर्डवरच झाळलेली असते. मेन बोर्ड बदलला म्हणजे जुना बोर्ड गेला आणि त्याच्याबरोबर सगळं गेलं. मावशीने दहा हजार भरले असते तर फोन चालू झाला असता. काका नसते.

मी ताईंना म्हटलं, मला वाद घालायचा नाही, फक्त टेक्निशियनशी पाच मिनिटं बोलू द्या. टेक्निशियन दादा बाहेर आले. माझ्याच वयाचे, सौम्य माणूस. मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या.

पहिली: ठिपक्याचा फोटो आहे का? होता. सिमच्या फटीतला ठिपका लाल नव्हता, कडेने गुलाबी होता. आतमध्ये, बॅटरीजवळ, आणखी एक ठिपका होता. तो पांढराशुभ्र.

दुसरी: गंज कुठे दिसला? दादांनी भिंगाखाली दाखवलं. चार्जिंगच्या सब-बोर्डवर, जिथे केबलची पिन बसते तिथे, हिरवट पांढरी साय जमलेली. मेन बोर्डवर काही नाही.

तिसरी: बॅटरी बाहेर काढून वेगळी चार्ज करून लावली तर फोन सुरू होतो का? हे त्यांनी केलेलं नव्हतं. "साहेब, लिक्विड टाकलं की सिस्टिम पुढे हे विचारतच नाही. सरळ बोर्ड बदली येतं." पण त्यांनी करून बघितलं. आतल्या बाकावर बॅटरी तासभर चार्ज केली, जोडली, आणि फोन सुरू झाला. मावशीच्या वॉलपेपरवरचा गणपती दिसला.

म्हणजे फोन मेलेला नव्हता. उपाशी होता. चार्जिंगचं तोंड गंजलं होतं, बॅटरी रिकामी झाली होती, एवढंच.

आता इथे मला तुमच्याशी सरळ बोलायचंय. गोष्ट रंगवायची तर मी म्हणू शकतो की कंपनी खोटी पडली. पण तसं नाही. सब-बोर्डवर गंज होता, आणि तो कारखान्यातून आलेला नव्हता. मावशी फोन चार्जिंगला लावते स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीच्या खाली, कोकणातल्या ऑगस्टमध्ये, नारळ खवता खवता ओल्या हाताने. चार्जरच्या तारेत ५ व्होल्ट असतात. त्या पिनेवर ओल असेल आणि त्यात मिठाचा अंश असेल, तर वीज त्या ओलीतून वाहते आणि धातू खात जाते. नुसत्या ओलीने जे व्हायला महिने लागतील ते चार्जर लावल्यावर काही दिवसांत होतं. पोर्टमधली व्होल्टेजची पिन आधी जाते ती यामुळेच. तेव्हा सब-बोर्डपुरता नकार मला मान्य होता. मावशीला नव्हता, तो भाग वेगळा.

चूक पुढच्या पायरीत होती. ठिपका सांगतो की या जागी ओल आली. ओलीमुळे कुठला भाग बिघडला हे तो सांगत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि माझ्या कोडने, त्या दुकानातल्या सॉफ्टवेअरनेही, ते एकाच `if` मध्ये कोंबले होते. पहिल्याचं उत्तर हो आलं की दुसरा प्रश्न कुणी विचारायचाच नाही, थेट सगळ्यात महाग एस्टिमेट.

कंपनीची बाजूही आहे. पाणी लागलेला बोर्ड आज चालतो आणि तीन आठवड्यांनी बंद पडतो, असं खरंच होतं. दुरुस्तीवरही काही दिवसांची हमी द्यावी लागते. मग संपूर्ण बोर्ड बदलणं त्यांना सुरक्षित वाटतं. पण गिऱ्हाइकाला हे सांगून निवड देणं आणि एकच आकडा पुढे सरकवणं यात फरक आहे. आम्ही दादांकडे दुसरा पर्याय मागितला: फक्त सब-बोर्ड बदला, बाकीचे जोड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने पुसा, मेन बोर्डला हात लावू नका. सब-बोर्ड ९५०, मजुरी ५००, जीएसटी २६१. एकूण १,७११ रुपये. त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं की मेन बोर्डवर पुढे काही झालं तर ते या दुरुस्तीच्या हमीत येणार नाही. मला ते रास्त वाटलं. सही केली.

पैसे भरायच्या आधी मात्र त्याच काउंटरवर, फोन चालू होता तेव्हाच, मावशीचं व्हॉट्सअ‍ॅप पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. हे तुम्हीही करा. फोन जिवंत दिसला की आधी डेटा, मग दुरुस्ती.

परतीच्या गाडीत मी ऑस्ट्रेलियाची केस वाचली, आणि मावशीचा ओटाच डोळ्यांसमोर आला. तिथल्या ग्राहक आयोगाने जुलै २०१९ मध्ये सॅमसंगच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीला कोर्टात खेचलं. मुद्दा होता जाहिरातींचा. २०१६ ते २०१८ या काळात फोन स्विमिंग पुलात आणि समुद्रात वापरताना दाखवले जात होते, कारण त्यांना आयपी६८ दर्जा होता. पण तो दर्जा मिळतो गोड्या, स्थिर पाण्यात, ठरावीक खोली आणि वेळ धरून. क्लोरिन नाही, मीठ नाही. प्रत्यक्षात पुलातून बाहेर काढलेला फोन पोर्ट ओलं असतानाच चार्जिंगला लावला की पोर्ट गंजायचं. कंपनीने शेवटी हे मान्य केलं आणि जून २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड लावला. सात मॉडेलं होती, गॅलक्सी एस७ पासून नोट ८ पर्यंत.

मजा बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रकरणात भांडण होतं की पाणी लागलंच नव्हतं. सिडनीच्या प्रकरणात पाणी लागलं होतं हे दोघांनाही मान्य, भांडण होतं की चालेल असं तुम्हीच तर दाखवलं होतं. म्हणून नवा फोन घेताना खोक्यावर आयपी६८ दिसलं तरी वॉरंटीच्या कागदात द्रवपदार्थ वगळलेत का ते बघा. बहुतेकदा वगळलेले असतात. एकाच खोक्यात दोन्ही कागद सुखाने नांदतात.

आणि आपल्याकडे? मावशीने ऐकलं नसतं आणि दादांनी दुसरा पर्याय दिला नसता, तर काय केलं असतं? आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथून कंपनीच्या तक्रार विभागापर्यंत विषय जातो आणि पुष्कळदा तिथेच मिटतो. नाही मिटला तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षं. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. वस्तूतला दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कारखान्याचं समाधान नव्हे, तिसऱ्याचं. पण त्यासाठी सदोष भाग तुमच्या ताब्यात हवा. महागड्या दुरुस्तीत जुना बोर्ड दुकानाकडे राहतो आणि हेनिंगसेनांच्या गाडीसारखी गत होते, तपासायला काही उरतच नाही. म्हणून भांडायचं असेल तर आधी भांडा, दुरुस्ती नंतर. नकार लेखी घ्या, ठिपक्याचा आणि गंजाचा फोटो जॉब शीटला जोडून घ्या.

घरी आल्यावर मी माझं जुनं पत्र शोधलं. क्लेम नाकारताना सिस्टिम जो ईमेल पाठवायची तो मजकूरही मीच टाकला होता. तीन वाक्यं होती: उपकरणात द्रवामुळे नुकसान आढळले, ते वॉरंटीत येत नाही, सशुल्क दुरुस्तीसाठी सोबतचे एस्टिमेट मंजूर करावे. मावशीला हेच आलं होतं, थोड्याफार फरकाने. एका संध्याकाळी बसून मी ते तिच्यासाठी पुन्हा लिहिलं, कुणी मागितलं नव्हतं तरी:

"तुमचा फोन चार्ज होत नाही, कारण चार्जिंग पोर्टच्या पिनांवर गंज आहे. फोटो सोबत आहे. हा गंज बाहेरून आलेल्या ओलीचा आहे, म्हणून वॉरंटीच्या द्रवपदार्थाच्या कलमानुसार तो मोफत दुरुस्त करता येणार नाही. मेन बोर्डवर आज गंज दिसत नाही आणि बॅटरी चार्ज केल्यावर फोन सुरू होतो. तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. फक्त पोर्टचा भाग बदलणे, १,७११ रुपये, डेटा राहील, मेन बोर्डची हमी नाही. दोन्ही बोर्ड बदलणे, १०,४४३ रुपये, दोन्हींवर हमी, पण फोनमधील सर्व माहिती जाईल. काहीच न करणे, तपासणी फी ३५४ रुपये, फोन परत. आमचा निष्कर्ष मान्य नसेल तर फोन न उघडता परत मागा आणि या क्रमांकावर तक्रार करा."

लांब आहे, मान्य. प्रॉडक्ट मॅनेजरने पहिल्याच बैठकीत अर्धं कापलं असतं. पण यात नकार तसाच आहे. कंपनीचा एक रुपयाही जास्त गेलेला नाही.

जुन्या टीममधल्या एका मित्राला मी हे पाठवलं आणि विचारलं, ड्रॉपडाउनमध्ये अजून दोनच रंग आहेत का रे? तो म्हणाला, बघून सांगतो. दोन दिवसांनी स्क्रीनशॉट आला. आता तीन आहेत: WHITE, PINK, RED. मी खूश झालो. मग त्याने खालची ओळ पाठवली:

```
if lci in ("PINK", "RED"):
    warranty = "OUT"
```

मावशीचा फोन चालू आहे. चार्जिंगला ती तो अजूनही ओट्यावरच लावते. मी गणपतीला गेलो तेव्हा रागावलो, तर म्हणाली, "अरे, दुसरा प्लग कुठाय या घरात?" खरंच नव्हता. एक एक्स्टेंशन बोर्ड आणून हॉलमध्ये ओढून दिला आहे. संध्याकाळी ती दिवा लावून झाल्यावर तिथे खुर्ची घेऊन बसते आणि काकांचा एखादा मेसेज लावते. परवा मी असताना लावला तो होता बाजारातला. काका विचारत होते, सुरमई मोठी आहे पण महाग सांगतोय, घेऊ की बांगडेच आणू?